मदत हवी आहे: दूध तापवायला ठेवलं की मॅच अडकते

वरणभात: आमचा राउटर फ्रिजवर, मायक्रोवेव्ह त्याला खेटून. टीव्ही हॉलमध्ये, स्टिक जुनी, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवालं वायफाय पकडते. सासूबाईंनी दूध ठेवलं की दीड मिनिट पडद्यावर नुसतं चक्र फिरतं. 'टिंग' वाजलं की पुन्हा सुरळीत. इंटरनेटवाला दोनदा येऊन 'लाइन ठीक आहे' म्हणून गेला. मायक्रोवेव्ह गळतोय का? घरात लहान मूल आहे.

झणझणीत: गळतोच आहे. बदला. नाहीतर राउटरचा चॅनल ११ करा, आमच्याकडे चालला.

तारवाला: बदलायची घाई नको. थोडी गळती प्रत्येक मायक्रोवेव्हमध्ये असते, मर्यादेत असते. पण वायफायचा सिग्नल इतका क्षीण की तेवढीही त्याला भारी पडते. दरवाजा वाकलाय किंवा नीट बसत नाही, तर मात्र वापरू नका.
मायक्रोवेव्ह चालतो २४५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. चॅनल ११ त्याच्या अगदी जवळ (२४६२), १ लांब (२४१२). तेव्हा १ लावून बघा. खात्री नाही, कारण मायक्रोवेव्ह एका जागी स्थिर राहत नाही.
आधी दोष नक्की कुठे ते बघा. लॅपटॉप वायफायवर, टीव्हीजवळ ठेवून:

```
ping -t 192.168.1.1
```

हा राउटरचा पत्ता, तुमचा वेगळा असू शकतो. इथेच अडखळलं तर इंटरनेटवाल्याचा दोष नाही. मग डीफ्रॉस्टवर पाणी ठेवा. त्यात मायक्रोवेव्ह काही सेकंद तापवतो, काही सेकंद थांबतो. पिंगही त्याच तालावर बिघडलं, तर चोर सापडला.

सांजवात: आमच्या कॉर्डलेस फोनवर कायम खरखर येते. वायफायमुळेच का?

तारवाला: फोन कुठला? इथले बहुतेक डेक्ट असतात, १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झवर. त्यांचा वायफायशी संबंध नाही.

सांजवात: दिराने अमेरिकेहून आणलेला. खाली 2.4 GHz लिहिलंय.

तारवाला: मग संशय रास्त आहे. बेसचा प्लग काढून दिवसभर वायफाय बघा. खरखरीसाठी वेगळा धागा काढा ना.

वरणभात: केलं. एरवी ३-४ मिलिसेकंद, मायक्रोवेव्ह सुरू होताच निम्मे `Request timed out`. डीफ्रॉस्टवर तर अगदी तालात! काल राउटर हॉलच्या माळ्यावर नेला, चॅनल १ केला. आज दुधाच्या वेळी चित्र जरा मळकट झालं, थांबलं नाही. एकच उरलंय: रात्री सासरे स्टिकला ब्लूटूथ हेडफोन जोडतात, तेव्हा आवाज तुटतो. मायक्रोवेव्ह बंद असताना.

झणझणीत: ब्लूटूथ उड्या मारत चॅनल बदलतं, त्याचा त्रास होत नाही.

तारवाला: गजबजलेले चॅनल ते टाळतं, खरं. पण छोट्या स्टिकमध्ये दोन्ही कामं बहुधा एकाच चिपवर असतात, आळीपाळीने. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटलीय का? एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन लावून बाहेर काढा.

वरणभात: चिकटलेलीच आहे. वायर शनिवारी आणते. तोवर सासऱ्यांना मॅच मोठ्या आवाजात.