मदत हवी आहे: बोटाचा डाग लागलेल्या लेन्समुळे पोर्ट्रेटवर आलेला धुरकटपणा

फोनच्या लेन्सवर बोटाचा तेलकट डाग होता आणि खिडकी चेहऱ्याच्या डाव्या बाजूला मागे. फोटो फक्त जेपीईजीमध्ये आहे, पुन्हा काढता येणार नाही. फोकस बरोबर आहे, पापण्यांचे केस सुटे दिसतात, त्यामुळे शार्पनिंगचा इथे उपयोग नाही. डागामुळे खिडकीचा उजेड विखुरला आणि तो सगळ्या फोटोवर कमीजास्त मिसळला आहे. काळ्या केसांवर पिकर ठेवला की उजवीकडे ३५ येतात आणि खिडकीजवळ ७०, खरं तर दोन्हीकडे १५ च्या आसपास हवेत.

`Dehaze` +३० केलं तर डोळ्यांखाली काळवंडतं आणि त्वचा नारिंगी होते. सगळीकडे सारखंच `Blacks` खाली ओढलं की उजवीकडचे केस सपाट काळे होतात, खिडकीकडचा धूर मात्र तसाच राहतो.

सध्या जमलंय ते असं: धुराच्याच रंगाचा, म्हणजे किंचित निळसर करड्या रंगाचा लेयर `Subtract` मोडमध्ये टाकला, खिडकीकडून उजवीकडे विरत जाणारा मास्क लावला आणि त्वचेचं सॅच्युरेशन १० ने उतरवलं. चेहरा छान मोकळा झाला.

अडकलंय ते गालाच्या आणि केसांच्या कडेला. तिथे चकाकी बोटभर पट्ट्यात एकदम वाढते. मास्कची कड अरुंद ठेवली तर गालावर काळी रेघ उमटते, रुंद ठेवली तर सुट्या बटांभोवती पांढुरकेपणा उरतो. या पट्ट्यासाठी मास्क खिडकीच्याच ब्लर केलेल्या प्रतीवरून बनवावा का? ब्लर किती ठेवता? कुणी केलं असेल तर नक्की सांगा.