‘डिफॉल्ट जामीन’ : यातला ‘डिफॉल्ट’ कोणाचा?

शरयू
भाऊ कच्चा कैदी आहे, फसवणुकीचं कलम ३१८(४). वकील म्हणाले, साठ दिवसांत चार्जशीट आली नाही तर ‘डिफॉल्ट बेल’. मोबाइलमध्ये डिफॉल्ट म्हणजे आपण हात लावला नाही तर आपोआप होतं ते. इथेही तसंच का? म्हणजे साठाव्या दिवशी तुरुंगातून सोडतात का? याला मराठी शब्द काय?

बोरूबहाद्दर
वर्तमानपत्रं ‘वैधानिक जामीन’ लिहितात. अर्थ तुम्ही म्हणता तोच. मुदत संपली की कोठडी बेकायदा, सोडावंच लागतं. मुदत नव्वद दिवसांची, अटकेपासून.

पायरीवरचा
शरयूताई, आपोआप काहीही होत नाही. इथला डिफॉल्ट म्हणजे कसूर, आणि ती पोलिसांची: तपास मुदतीत संपवला नाही. तिचा फायदा आरोपीला मिळतो, पण मागितला तरच. त्यामुळे ‘कसुरीचा जामीन’ हा शब्द मला जास्त खरा वाटतो. ‘वैधानिक’ ऐकून घरचे वाट बघत बसतात.

बोरूबहाद्दर, नव्वद दिवस सगळ्यांना नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) प्रमाणे फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना नव्वद, बाकीच्यांना साठ. ३१८(४) ला जास्तीत जास्त सात वर्षं, म्हणून साठ. मकोका, यूएपीए, अमली पदार्थ यांचे नियम वेगळे, तिथे मुदत वाढवून मिळू शकते.

मोजणीही अटकेपासून नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी दोन्ही मोजायच्या. ताई, पहिल्या रिमांडची तारीख सांगा.

शरयू
३ मार्च २०२६ ला रात्री अटक, ४ मार्चला कोर्टात नेलं.

पायरीवरचा
मग मार्चचे २८, एप्रिलचे ३०, झाले ५८. साठावा दिवस २ मे, शनिवार. हक्क ३ मे पासून, आणि तो रविवार. अर्ज २ तारखेला दिलात तर मुदतीआधीचा म्हणून फेटाळला जाईल. रविवारी रिमांडसाठी बसणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे देता येईल का, हे वकिलांना आधीच विचारून ठेवा. नसेल तर सोमवारी ४ तारखेला कोर्ट उघडताच पहिलं काम हेच.

इतकी घाई कशाला, तर तुमच्या अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हा हक्क संपतो. अर्ज आधी पडला आणि दोषारोपपत्र नंतर आलं, तर हक्क टिकतो. २०२० च्या रवींद्रन निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. म्हणून अर्जाच्या प्रतीवर नुसती तारीख नको, वेळही लिहून घ्या: ‘सकाळी १०.५०’ अशी. वकील मिळत नसेल तर तुरुंगातून अधीक्षकांमार्फत अर्ज जातो, पण तो कोर्टात पोचेपर्यंत वेळ जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील आठवडाभर आधी मागा.

माळरान
माझ्या मेहुण्याला आठ महिने झाले, अजून दोषारोप ठेवलेले नाहीत. आम्हालाही हा जामीन लागू ना?

पायरीवरचा
नाही, शब्दांची गल्लत होते आहे. पोलीस तपास संपवून कोर्टात देतात ते दोषारोपपत्र. कोर्ट नंतर दोषारोप निश्चित करतं, ते वेगळं. मुदत पहिल्याला आहे. पत्र वेळेत आलं असेल तर खटला लांबल्याच्या कारणावर नियमित जामीन मागावा लागेल. केस नंबर टाकून ते कधी दाखल झालं ते बघा.

बोरूबहाद्दर
चूक मान्य. पण अर्धवट दोषारोपपत्र टाकलं तर? रासायनिक अहवालाशिवाय?

पायरीवरचा
त्यावर निकाल एकसारखे नाहीत. ‘अपुरं’ कशाला म्हणायचं इथूनच वाद सुरू होतो. मुद्दा अर्जात घ्यावा, पण त्याच्याच भरवशावर राहू नये.

शरयू
अर्ज मंजूर झाला की घरी?

पायरीवरचा
जामीनदार दिल्यावर. मराठीत ‘जामीन’ हा मुळात हमी देणारा माणूसच, ‘तो मला जामीन राहिला’ म्हणतोच ना आपण. कोर्टाने दिलेल्या वेळेत तो उभा राहिला नाही आणि मधेच दोषारोपपत्र आलं, तर मिळालेलं हातचं जातं. म्हणून त्याचं आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती एप्रिलमध्येच गोळा करा. ऐपतीचा दाखला मागतील का तेही विचारा, तहसीलमधून मिळायला दिवस लागतात. मात्र गुन्ह्यातली रक्कम भरा, अशी अट या जामिनाला घालता येत नाही. घातली तर वकिलांनी हरकत घ्यावी.

बोरूबहाद्दर
शब्द मात्र ‘मुदतचुकीचा जामीन’ असावा. ‘कसुरीचा’ म्हटलं की कसूर आरोपीची वाटते.

शरयू
मी आईला ‘मागून घ्यायचा जामीन’ म्हणून सांगितलं. तिला तारीख पाठ झाली आहे.