मदत हवी आहे: वितरकाच्या हिशेबात उलट माझ्याकडेच बाकी निघाली आहे

टाचणखूण:

नमस्कार मंडळी. मी स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापलं, ५०० प्रती. त्यातल्या २४० एका वितरकाकडे दिल्या. करार असा, की छापील किमतीतले ५५ टक्के त्याचे, ४५ माझे. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून खाली छापील किंमत सरळ १०० धरली आहे.

पहिलं हिशेबपत्रक आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, विक्री २४० प्रती. म्हणजे सगळ्याच. माझे १०८०० झाले, त्यातले २७०० 'परतीसाठी राखीव' म्हणून कापले आणि ८१०० हातात आले. मी खूश.

चार महिन्यांनी दुसरं पत्रक आलं. परत आलेल्या प्रती ११०, त्यापोटी ४९५० वजा. परत माल हाताळण्याचे २२० वजा. राखीव २७०० जमा. खाली ठळक अक्षरांत: आपल्याकडून येणे २४७०. शिवाय त्याच आठवड्यात त्यांच्याच ऑर्डर विभागाचा निरोप, की ४० प्रतींची नवी मागणी आहे, माल पाठवा!

विकलेलं पुस्तक परत कसं येतं? आणि ५५ टक्के घेऊन हा माणूस नेमकं करतो काय? माहितगारांनी जरा सांगावं.

अर्धविराम:

सरळ आहे, ५५ टक्के खिशात घालतात आणि वर परतीचा भुर्दंड आपल्यावर. मधला माणूस काढून टाका. दुकानांना थेट द्या, ४० टक्के त्यांना, ६० तुम्हाला. मी तेच करतो.

मुग्धा_वाचते:

पण ४५ टक्के रॉयल्टी म्हणजे चांगलीच की! मला माझ्या प्रकाशकाकडून १० मिळते. तक्रार कसली?

टाचणखूण:

मुग्धाताई, रॉयल्टी नाही हो. छपाई, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ सगळं माझं. एका प्रतीला छपाईच २२ पडली आहे.

जुना_गोदामी:

वितरकाच्या गोदामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पत्रकातली 'विक्री' म्हणजे वाचकाने घेतलेली प्रत नव्हे. वितरकाने दुकानाच्या नावे बिल फाडलं की त्याच्या वहीत ती विक्री. दुकानाकडे मात्र परतीचा हक्क असतो. साधारणपणे बिलापासून तीन महिने ते वर्षभर, प्रत विकण्याजोगी असेल तर दुकान ती परत पाठवतं आणि ज्या दराने बिल झालं त्याच दराने क्रेडिट नोट घेतं. नावाला विक्री, स्वभावाने जांगड माल. तुमच्या २४० प्रती दुकानांत गेल्या, ११० परत आल्या. म्हणजे तूर्तास १३०. त्याचे ४५ प्रमाणे ५८५०, त्यातून हाताळणीचे २२० गेले की ५६३०. तुम्हाला आधीच ८१०० पोचले आहेत. फरक बरोबर २४७०. पत्रकात लबाडी नाही. राखीव रक्कम कापली होती ती याचसाठी, फक्त ती कमी पडली.

आता ५५ चं. त्यातले ४० च्या आसपास दुकानाकडे जातात. वितरकाकडे राहतात १५. ते १५ सुद्धा शेवटी विकल्या गेलेल्या प्रतींवरच, कारण परत आलेल्या प्रतीवरचं सगळं उलटवावं लागतं. १३० गुणिले १५, म्हणजे १९५०. पण कामं मोजा. २४० प्रती काढल्या, बांधल्या, रवाना केल्या. ११० परत उतरवल्या, एकेक उघडून पाहिली, कोपरे दुमडलेल्या वेगळ्या काढल्या, दुकानाची किमतीची चिकटी खरवडली, पुन्हा रॅकवर लावल्या. एकूण ३५० वेळा हात लागला. एका हाताळणीला साडेपाचच्या थोडं वर पडतात. त्यातून दुकानोदुकानी फिरणारा प्रतिनिधी, जायची वाहतूक, आणि पैसे न देता बंद पडणारं दुकान हे सगळं निघायचं. परतीची वाहतूक बहुतेक ठिकाणी दुकान सोसतं.

अर्धविराम म्हणतात ते अर्धं खरं आहे. ओळखीच्या आठ-दहा दुकानांना थेट देणं परवडतं. त्यापुढे प्रत्येकाचं वेगळं बिल, वेगळी वसुली आणि दोन-दोन प्रतींची पार्सलं सुरू होतात, तिथे तो वाचवलेला १५ टक्का कुठे जातो ते कळतही नाही.

अर्धविराम:

वसुलीचं मान्य. एका दुकानात २० प्रती ठेवल्या होत्या, जांगड. चलनावर मालकाची सही घ्यायची राहिली. मालक बदलला, नवा म्हणतो आमच्याकडे असं पुस्तकच नाही. पण म्हणून ५५? १५ टक्के घ्यावेत आणि तेवढेच दाखवावेत की.

काउंटरवरून:

दुकानाच्या बाजूने लिहिते. माझ्या दुकानात दर महिन्याला शेकडो नवी पुस्तकं दाखवायला आणतात. नवख्या लेखकाचं पुस्तक कसं चालेल हे प्रतिनिधीलाही माहीत नसतं आणि मलाही. त्याच विषयावरच्या आधीच्या पुस्तकाच्या माझ्याकडे किती प्रती गेल्या ते संगणकावर बघते आणि दोन किंवा तीन मागवते. परतीची सोय नसेल तर एकही मागवणार नाही, किंवा ५० टक्क्यांच्या वर सवलत मागेन. ही सोय १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेतल्या प्रकाशकांनी आणली, कारण दुकानदार माल उचलायलाच तयार नव्हते. मंदी गेली, सोय राहिली.

आणखी एक, जे लेखकांना कोणी सांगत नाही. परतीचा माल हा आमच्यासाठी पैसाच असतो. मोठं बिल भरायची तारीख आली आणि गल्ल्यात तेवढं नसलं, की आम्ही शेल्फ चाळतो. तीन महिन्यांत न हललेलं जे दिसेल ते खोक्यात भरतो, त्याची क्रेडिट नोट बिलात वळती करतो. तुमचं पुस्तक वाईट आहे म्हणून ते परत जात नाही, बिलाची तारीख आली म्हणून जातं. एकाच वितरकाकडे हजारो पुस्तकं असली की हे जमतं. एका पुस्तकासाठी एका लेखकाचं खातं उघडलं तर वळतं कशात करणार? म्हणून अर्धविराम, थेट माल घ्यायला आम्ही टाळाटाळ करतो. तुमच्यावर राग नसतो.

टाचणखूण:

आता डोक्यात शिरतंय. पण मग एकीकडे ११० परत आणि दुसरीकडे ४० पाठवा, हे काय?

जुना_गोदामी:

परतीचं टेबल आणि ऑर्डरचं टेबल वेगळं असतं. हिशेबात प्रत जमा झाली तरी ती निवडून रॅकवर यायला काही आठवडे जातात, तोवर ऑर्डरवाल्याला शिल्लक शून्यच दिसते. घरातून काही पाठवू नका. आधी लेखी विचारा, परत आलेल्यांपैकी विकण्याजोग्या किती, आणि ही मागणी त्यातूनच पुरवा म्हणून सांगा. त्याच पत्रात दुकानवार यादी मागा. २४० कुठे गेल्या आणि ११० कुठून आल्या, हे कळल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका.

टाचणखूण:

यादी आली! तीन आठवडे पाठपुरावा करावा लागला.

एका साखळी दुकानाने ९० घेतल्या होत्या. त्यातल्या ८२ परत. बाकीच्या १५० प्रती लहान दुकानांत दोन-तीन करून गेल्या, त्यातल्या फक्त २८ परत. आणि नव्या ४० पैकी ३४ याच लहान दुकानांच्या आहेत. परत आलेल्यांत ३१ 'खराब' दाखवल्यात, ७९ चांगल्या.

काउंटरवरून:

साखळीतला खरेदी करणारा माणूस एकच असतो, आणि तो मुख्य कार्यालयात बसलेला. तीस शाखा असतील तर प्रत्येकी तीन, झाल्या ९०. तिथल्या विक्रेत्याने पुस्तक उघडूनही पाहिलेलं नसतं. ते कण्याच्या बाजूने रॅकमध्ये खोचलं जातं आणि ठरलेली मुदत संपली की संगणकच परतीची यादी छापतो. लहान दुकानात मालक स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तुमचं पुस्तक असंच विकलं जाणारं दिसतंय.

जुना_गोदामी:

यादी चांगली बोलते आहे, पण १२२ विकल्या असं अजून लिहू नका. लहान दुकानांची परतीची मुदत संपलेली नाही. मात्र पहिल्या दोन संपल्यावर पुन्हा दोन मागवणारं दुकान ही खूण पक्की. एका दमात ९० घेणाऱ्यापेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवीन. साखळीला पुढच्या वेळी प्रती मर्यादित ठेवायला सांगा. जास्तच हव्या असतील तर त्या प्रती बिनपरतीच्या, हवं तर चार-पाच टक्के जास्त सवलत देऊन. बहुधा नाही म्हणतील, मग तेही बरंच आहे.

२४७० रोख पाठवायची घाई करू नका. पुढच्या विक्रीतून वळते करा म्हणून विनंती करा, वितरक सहसा ऐकतो. त्या ७९ मधून ४० गेल्या आणि टिकल्या तर तुमचे १८०० होतात, बाकी उरेल ६७०.

अर्धविराम:

आणि त्या ३१ खराब प्रतींचं काय? दुकानात मळल्या, वाहतुकीत फाटल्या, आणि २२ प्रमाणे ६८२ चा फटका लेखकाला? मी असतो तर एक पैसा सोडला नसता. दुकानाकडून 'विकण्याजोगी असेल तरच' असं ठरलेलं असताना त्यांनी त्या परत घेतल्याच कशा?

जुना_गोदामी:

नियम तसाच आहे, प्रत्यक्षात मोठ्या गिऱ्हाइकाचं खोकं कोणी परत पाठवत नाही. करारात 'खराब प्रतींची जबाबदारी' असं कलम आहे का ते बघा. बऱ्याच करारांत ती प्रकाशकावरच टाकलेली असते.

काउंटरवरून:

मी असहमत. ३१ पैकी किती नुसत्या चिकटीच्या डागामुळे खराब ठरवल्या ते बघायला मागा. अशा प्रती पुसून पुन्हा विकता येतात, आम्ही रोज विकतो. फोटो मागा, नाहीतर गठ्ठा तसाच घरी मागवा.

टाचणखूण:

करार काढून पाहिला. त्यात 'खराब' म्हणजे काय हेच लिहिलेलं नाही. गठ्ठा घरी मागवला आहे, वाहतूक माझ्या खर्चाने म्हणतात. आला की इथे लिहितो. तोपर्यंत कोणाच्या करारात या कलमाची नेमकी भाषा असेल तर कृपया टंकून टाका, नव्या वर्षाचा करार करताना घालून घेईन.