मदत हवी आहे: मैत्रिणीच्या ऑपरेशनची तारीख विसरले, माफी कशी मागू?

निशिगंध: मैत्रिणीचं ऑपरेशन होतं, साफ विसरले. माफीचा मेसेज लिहायला घेतला की गाडी 'सॉरी गं, कामाच्या गडबडीत राहूनच गेलं'वर येऊन अडते. मनापासून वाटेल असं काय लिहू? जरा लवकर सांगा.

पाटीपेन्सिल: ऑपरेशन कसलं? कधी झालं? तू विसरलीस हे तिला कळलंय का?

खडूस: फुलं पाठवा. विषय संपला.

निशिगंध: गुडघ्याच्या लिगामेंटचं, मागच्या मंगळवारी. त्याच सकाळी मी तिला एक विनोद फॉरवर्ड केला होता. निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.

रानवारा: फोनला रिमाइंडर लावत जा. माझा भाऊ दरवर्षी माझा वाढदिवस विसरतो आणि वर मलाच म्हणतो, आठवण का नाही केलीस!

सुईदोरा: मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. विनोदाचं आधी सांगायचंस ना! ती तारखेपेक्षा त्यावरच चिडली असेल. मग तेच लिही: 'मंगळवारी तुझं ऑपरेशन होतं, तू मला सांगितलं होतंस. मी विसरले, आणि त्याच सकाळी तुला विनोद पाठवला. चुकलं माझं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.' बस. गडबडीचं कारण नको. 'मला इतकं अपराधी वाटतंय' हेही नको, नाहीतर पाय उशीवर ठेवून तीच तुझी समजूत काढत बसेल.

पाटीपेन्सिल: मेसेज कशाला? सरळ फोन कर, आवाजातून कळतं.

सुईदोरा: फोनवर समोरच्याला लगेच 'असू दे गं' म्हणावंच लागतं. मेसेज वाचून ती हवं तेवढं रागावू शकते. आणि 'काही लागलं तर सांग' म्हणू नकोस. पहिल्या आठवड्यात भेटायला रीघ असते, नंतर कुणी फिरकत नाही. कुबड्या काही आठवडे, व्यायाम काही महिने. गुडघा वाकवताना जीव जातो आणि रोज तेच तेच. 'गुरुवारी फिजिओला मी घेऊन जाते' असं नेमकं विचार. जमणार असेल तरच, दुसऱ्यांदा विसरलीस तर संपलं.

खडूस: माफीला मदत जोडली की लाच वाटते. फुलं बरी.

सुईदोरा: फुलं काय वेगळी? पण एकाच मेसेजात नको, हे मान्य. मदतीचं वेगळं विचार.

रानवारा: कुबड्या विकत घ्यायच्या की भाड्याने? सासऱ्यांसाठी हव्यात.

निशिगंध: पाठवला. 'वाचलं' एवढंच आलं. गुरुवारचं आता विचारू का?

सुईदोरा: उद्या विचार, एका ओळीत.

पाटीपेन्सिल: मी तर म्हणते, ती आपणहून बोलेपर्यंत थांब.