तांत्रिक गुणांमागचे कारण अहवालात लिहायलाच हवे का?

पूलवाला: पुलाच्या कामाची निविदा आहे. तांत्रिक गुणांना ३० टक्के वजन, दराला ७०. अहवालात फक्त गुणांचा तक्ता जोडला तर पुरेल की प्रत्येक गुणाचे कारण लिहावे?

सरळ_दर: मुळात कामांना गुणपद्धत लागूच नाही, ती सल्लागार नेमण्यापुरती. जो पात्र आणि ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम.

मोजमाप_वही: पूर्वी तसेच होते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ठरावीक कामांना गुणपद्धत खुली केली, पण तांत्रिक वजन ३० टक्क्यांपुढे नाही. राज्याच्या खात्यांनी आपले आदेश पाहावेत.

कारण लिहायलाच हवे. उदाहरणच घ्या. ‘अ’चे तांत्रिक गुण ८८, देकार १० कोटी ४० लाख. ‘ब’चे ७४, देकार १० कोटी. ‘अ’चे दराचे गुण १० ÷ १०.४० × १०० = ९६.१५. वजन लावून एकूण ‘अ’ ९३.७१ आणि ‘ब’ ९२.२०. म्हणजे ४० लाख जास्त देऊन काम ‘अ’ला.

आता ‘अ’चे कार्यपद्धतीतले ६ गुण कमी करून बघा. एकूण ९१.९१ होतात आणि काम ‘ब’कडे जाते. या ६ गुणांपुढे नुसते ‘समाधानकारक’ लिहिले असेल, तर तक्रार आल्यावर अहवाल टिकत नाही. शेरा असा हवा: ‘पायाचे काम पावसाळ्याआधी संपवण्याचा आठवडावार कार्यक्रम दिला, पाणी वळवण्याचा नकाशा जोडला नाही, म्हणून ४ पैकी २.’ असे उपगुण निविदेतच छापलेले असावेत, समितीने नंतर पाडू नयेत. प्रत्येक सदस्याची गुणपत्रिका सहीनिशी बंद झाल्यावरच दराचा लिफाफा उघडायचा.

खडी_क्रशर: आम्हाला तर तांत्रिक लिफाफ्यातच बाद केले. क्षमता अपुरी म्हणे! हाही गुणांचाच घोळ ना?

मोजमाप_वही: नाही, ती पात्रतेची अट, तिला गुण नसतात. तुमच्या निविदेत क्षमतेचे A×N×2−B हेच सूत्र असेल, म्हणजे A गेल्या काही वर्षांतले एका वर्षात केलेले सर्वांत जास्त काम, N कामाच्या मुदतीची वर्षे आणि B हातातली कामे, तर B तपासा. हातातल्या कामांची सगळी शिल्लक रक्कम वजा करत नाहीत, या कामाच्या मुदतीत होणारा भागच करतात. A १२ कोटी, मुदत १ वर्ष, शिल्लक कामे १८ कोटींची पण या वर्षात ६ कोटींचीच, तर क्षमता १८ कोटी. सगळे १८ वजा केले तर ६च उरतात आणि १० कोटींच्या कामाला तुम्ही बाद.

खडी_क्रशर: आमचे अगदी असेच झाले. सगळी शिल्लक धरली होती.

सरळ_दर: २०२१ चे मान्य. पण पाणी वळवण्याचा नकाशा इतका महत्त्वाचा असेल तर तो अटच करा. नसेल तर बाद. दोन गुणांसाठी लोकांचे ४० लाख का मोजायचे?

मोजमाप_वही: नकाशा आहे की नाही हे अटीत बसते, चांगला आहे की कसातरी हे बसत नाही. मात्र ४० लाखांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच वजन ३० ठेवायचे की १५, हे कारणासह निविदा काढण्याआधीच नोंदवायला हवे.

सरळ_दर: १५ ठेवले तर तुमच्याच आकड्यांत काय होते?

मोजमाप_वही: ‘ब’ पुढे जातो. ९६.१०, ‘अ’ ९४.९३.