मदत हवी आहे: गोधडीच्या जाहिरातीचा कन्व्हर्जन रेट दर आठवड्याला वरखाली होतो, त्यावरून निर्णय कसा घ्यावा?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. आई आणि तिच्या तीन मैत्रिणी हाताने गोधड्या शिवतात आणि मी त्या ऑनलाइन विकते. दिवसाला १५० रुपये जाहिरातीवर जातात. चार आठवडे दोन जाहिराती शेजारी शेजारी चालवल्या, बजेट अर्धं-अर्धं. पहिलीत आईचा हात टाका घालतानाचा व्हिडिओ आहे, दुसरीत गोधडीवर झोपलेल्या बाळाचा फोटो.

व्हिडिओ: २४० क्लिक, ९ ऑर्डर, म्हणजे ३.७५ टक्के. बाळाचा फोटो: २३० क्लिक, ४ ऑर्डर, म्हणजे १.७४ टक्के. व्हिडिओ दुपटीहून चांगला दिसतोय. पण दोन्ही मिळून आठवड्यागणिक ऑर्डर आल्या ५, १, ६, १. क्लिक मात्र दर आठवड्याला ११५ ते १२० च. एका सोमवारी सव्वापाच टक्के, पुढच्या सोमवारी एक टक्कासुद्धा नाही. त्या सोमवारी मी घाबरून मजकूर बदलायला निघाले होते.

त्याआधी कापडाच्या क्लोज-अपची तिसरी जाहिरात ६० क्लिकनंतर बंद केली, कारण एकही ऑर्डर नव्हती. आता बाळाचा फोटो बंद करू का? आईचा जीव त्या फोटोत आहे, म्हणून आकड्यांवर विसंबण्याआधी नीट समजून घ्यायचंय.

पेठकर
आधी ट्रॅकिंग तपासा. एवढी उडी म्हणजे पेमेंटनंतरच्या पानावर पिक्सेल, म्हणजे ऑर्डर मोजणारा कोड, लागत नसणार. आमच्याकडे हेच झालं होतं.

सुईदोरा
ट्रॅकिंग वापरतच नाही, दादा. ऑर्डर मी वहीत लिहिते आणि पार्सल स्वतः बांधते. तेरा म्हणजे तेराच.

अंकमोड
वही आहे हे उत्तम. मग गडबड मोजण्यात नाही, आकडे लहान असण्यात आहे.

आठवड्याची सरासरी सव्वातीन ऑर्डर. समजा जाहिरात, गिऱ्हाईक, हवामान, काहीही बदललं नाही. तरी दर आठवड्याला तीनच ऑर्डर येणार नाहीत. प्रत्येक क्लिकमागे विकत घेण्याची शक्यता जेमतेम पावणेतीन टक्के आहे, आणि एखाद्या आठवड्यात हे घेणारे लोक एकत्र येतात तर एखाद्यात येत नाहीत. सरासरी सव्वातीन असताना एक किंवा शून्य ऑर्डरचा आठवडा साधारण सहात एकदा येतो, आणि सहा किंवा जास्तचा नवात एकदा. ढोबळ अंदाजासाठी ऑर्डरच्या आकड्याचं वर्गमूळ घ्या. तीनचं पावणेदोन येतं, म्हणजे तीनमध्ये पावणेदोनची हलचल नेहमीचीच. शंभर ऑर्डर असत्या तर हलचल दहाची असती, शंभरात दहा. तिथे आलेख शांत दिसतो.

आता व्हिडिओ आणि फोटो. क्लिक जवळपास सारखे आहेत, त्यामुळे सोपी युक्ती चालते. दोन्ही जाहिराती अगदी सारख्या असत्या तर प्रत्येक ऑर्डर कोणत्या बाजूला पडते हे नाणं उडवल्यासारखं ठरलं असतं. तेरा वेळा नाणं उडवा. नऊ-चार किंवा त्याहून एकतर्फी निकाल, कुठल्याही बाजूला, चारांत एकापेक्षा थोडा जास्त वेळा येतो. व्हिडिओ कदाचित खरोखर चांगला असेलही. पण नुसत्या नाण्याने इतक्या सहज होणाऱ्या गोष्टीवरून आईचा फोटो काढू नका.

पेठकर
मग सरळ कन्फिडन्स इंटरव्हल काढा ना, म्हणजे खरा रेट ज्यात असण्याची दाट शक्यता आहे तो पट्टा. रेट, अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाणित त्रुटी. व्हिडिओला १.३ ते ६.२ टक्के येतात, फोटोला शून्याच्या जरा वर ते साडेतीन. पट्टे एकमेकांवर चढलेत, म्हणजे फरक नाही. दोन्ही जाहिराती सारख्याच, विषय संपला.

अंकमोड
पट्टे काढायचे हे बरोबर, पण दोन ठिकाणी घसरताय. हे सूत्र लहान आकड्यांवर फसतं. ताईंची तिसरी जाहिरात त्यात घाला: ६० क्लिक, ० ऑर्डर. पट्टा शून्य ते शून्य येईल, जणू आपल्याला पक्कं माहीत आहे की त्या जाहिरातीवर कधीच कुणी गोधडी घेणार नाही. विल्सनचं सूत्र वापरा. शीटमध्ये B2 ला क्लिक आणि C2 ला ऑर्डर लिहून, आधी पट्ट्याचं खालचं टोक, मग वरचं:

```
=(C2+1.92-1.96*SQRT(C2*(B2-C2)/B2+0.96))/(B2+3.84)
=(C2+1.92+1.96*SQRT(C2*(B2-C2)/B2+0.96))/(B2+3.84)
```

व्हिडिओ २ ते ७ टक्के. फोटो ०.७ ते ४.४. आणि बंद केलेली जाहिरात ० ते ६ टक्के! म्हणजे ती व्हिडिओइतकीच चांगली असण्याला काहीच आडकाठी नव्हती. पावणेतीन टक्क्यांच्या जाहिरातीला ६० क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येणं पाच-सहा वेळांत एकदा घडतंच.

दुसरं, पट्टे एकमेकांवर आले म्हणून फरक नाही असं ठरत नाही. पट्टा फरकाचा काढायला हवा. तो इथे उणे १.२ ते अधिक ५.४ टक्के अंक येतो. त्यात 'फोटो जरा बरा' बसतं आणि 'व्हिडिओ कितीतरी सरस' हेही बसतं. जाहिराती सारख्या आहेत असं हा पट्टा म्हणत नाही. आपल्याला अजून कळलेलं नाही, एवढंच म्हणतो.

क्लासवाला
माझंही बघता का? शिकवणीच्या क्लासची जाहिरात, ४० फॉर्म आले, २ प्रवेश झाले. ५ टक्के धरून पुढच्या वर्षीच्या बॅचचं गणित मांडलंय.

अंकमोड
सर, त्याच सूत्राने १.४ ते साडेसोळा टक्के येतात. जागा भाड्याने घेण्याआधी खालचा आकडा धरून एकदा मांडून बघा.

सुईदोरा
खूप आभार. मग खात्री व्हायला किती क्लिक लागतील?

अंकमोड
खरे रेट २ आणि ४ टक्के असतील आणि तो फरक पाचांत चार वेळा पकडायचा असेल, तर प्रत्येक जाहिरातीला अकराशेच्या वर. तुमच्या वेगाने साधारण एकोणीस आठवडे. मधे थंडी संपेल आणि गोधडीचं गिऱ्हाईकच बदलेल. शिवाय दर सोमवारी बघून 'आज पुढे आहे' म्हणत थांबलात, तर नशिबाने पुढे असलेल्या सोमवारी थांबण्याचीच शक्यता वाढते. किती क्लिकवर बघायचं ते आधीच वहीत लिहून ठेवा.

एक वाट म्हणजे ऑर्डरच्या आधीची पायरी मोजायची, कार्टमध्ये टाकणं. ते आकडे मोठे असतात, कमी उसळतात. पण कार्टमध्ये टाकणारे शेवटी घेतातच असं नाही, म्हणून मी ही वाट अर्ध्या मनानेच सुचवतो.

सुईदोरा
काढले. व्हिडिओ: ३१ जणींनी कार्टमध्ये टाकली. फोटो: ३४ जणींनी. इथे फोटो मागे नाहीच!

पेठकर
म्हणजे फोटोवाल्यांचं कार्टनंतर अडतंय. ३१ पैकी ९, ३४ पैकी ४. पोस्टेज कमी करा, लगेच फरक दिसेल.

अंकमोड
ही तीच तेरा ऑर्डर झाली, पेठकर. कार्टने भागलं म्हणून नाणं जास्त वेळा उडवलं गेलं नाही. पोस्टेजचा अंदाज खरा असू शकतो, पण तो या आकड्यांतून निघत नाही.

सुईदोरा
दोन्ही जाहिराती चालू ठेवल्यात, आणि क्लोज-अपवाली पुन्हा लावली. वहीत लिहिलंय की प्रत्येकी ६०० क्लिक होईपर्यंत रेट काढायचा नाही. कमी आहेत हे माहीत आहे, पण तेवढेच परवडतात.

फोटोवरून कार्टमध्ये टाकून सोडून दिलेल्या पाचजणींना आज फोन केला. पोस्टेजबद्दल एकच बोलली. तिघींनी विचारलं, ही बाळाची दुपट्याएवढी आहे की मोठ्यांची. पानावर माप लिहिलंच नव्हतं. पाच म्हणजे फारच कमी हे आता मलाही कळतं, पण माप मी लिहून टाकलंय. उरलेल्या पंचवीस जणींना या आठवड्यात फोन करते.