कवटी दिसली की घाबरता आणि ‘छपरी’ चिल्लर वाटते?

ठाणेकर आई: मुलगा आठवीत आहे. काल त्याचा ग्रुप वाचला. एकाने लिहिलंय ‘मेलो’ आणि खाली चार कवट्या. दुसरा म्हणतो, ‘मर ना भावा’. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फोन काढून घेतलाय. दर दोन महिन्यांनी नव्या शिव्या कुठून आणतात ही मुलं? आमच्या वेळच्या चार शिव्या जन्मभर पुरल्या. बाकी ग्रुपवर ‘छपरी’, ‘टायर’ असलं काहीबाही होतं, पण ते चिल्लर.

माजी वर्गशिक्षक: ताई, कवटी म्हणजे हसून हसून मेलो, एवढंच. तिच्या वरचा मेसेज वाचा. तिथे विनोद असेल तर विषय संपला. वर हसण्यासारखं काहीच नसेल, मुलगा रात्री एकट्याच मित्राला तसं लिहीत असेल, तर मात्र त्याच दिवशी जवळ बसून विचारा.

मी उठून लिहायला बसलो ते तुमच्या ‘चिल्लर’वर. बावीस वर्षं आठवी-नववीला शिकवलं. एका वर्गात एक पोरगा होता, वडील टेम्पो चालवायचे. त्याने दिवाळीत केसांची पुढची बट सोनेरी केली. सुट्टीनंतर तो ‘छपरी’ झाला. मी वर्गात ताकीद दिली, हा शब्द पुन्हा ऐकू आला तर पालकांना बोलावीन. आठवड्यात शब्द बंद झाला, मी खूश. मग पोरं त्याला ‘स्प्लेंडर’ म्हणायला लागली, कारण असली पोरं स्प्लेंडर उडवतात म्हणे. ते माझ्या लक्षात यायला महिना गेला. मी हटकल्यावर ‘सत्त्याण्णव’ सुरू झालं, कारण गाडीचं इंजिन सत्त्याण्णव सीसीचं. गणिताच्या तासाला फळ्यावर ९७ उत्तर आलं की वर्ग खिदळायचा आणि तो बाकावर मान घालायचा. जानेवारीत तो डोकं तासून आला. पीटीला यायचा बंद झाला.

शब्द दोनदा बदलला, पोरगा तोच राहिला. म्हणून शब्दांची यादी पाठ करून काही हाती लागत नाही. कोणाकडे बघून हसतात ते बघा.

बार्शीचा बाळू: सर, तुमचा किस्सा मान्य, पण प्रत्येक आकड्यात दुखणं शोधू नका. माझी पुतणी दिवसभर ‘सिक्स-सेव्हन’ म्हणत हात वरखाली करते. त्याला काही अर्थच नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन शब्दकोशाने तोच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आता तिच्या पप्पांनी म्हणायला सुरुवात केली आणि तिने त्याच दिवशी सोडलं. शब्द बदलण्याचं कारण हेच. आईबापाच्या तोंडी गेला की तो मेला.

माजी वर्गशिक्षक: ते अर्धंच कारण झालं. पप्पांमुळे गंमतीचा शब्द मरतो. शिवी बहुतेक वेळा बंदीमुळे कूस बदलते. गेममध्येही तेच. तिथला फिल्टर एक शब्द अडवतो, पोरं अक्षर बदलून तोच लिहितात. मग ते बदललेलं रूपच नवी शिवी होतं.

रंकाळ्याकाठचा: आमच्या कोल्हापुरात ये. तिथं ‘रांडेच्या’ म्हणून मिठी मारत्यात. ज्याला शिवी देत नाहीत त्यानं काळजी करावी. पुण्यामुंबईच्या लोकांना शब्दाचाच त्रास, मायेचं काय कळतंय?

विमुक्त लेक: मिठी मारतात, पण सगळ्यांना नाही. मी त्याच कोल्हापुरात शिकले.

मूळ पोस्टवर येते. ‘छपरी’ चिल्लर कशी काय वाटते? छप्परबंद ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली जमात आहे. झोपड्या शाकारणारी माणसं. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवली, ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने तो शिक्का काढला. आणि आज शाळेतलं पोर त्याच नावाने दुसऱ्याची लायकी काढतं.

बार्शीचा बाळू: पुरावा? छपरी म्हणजे छपराचं खोपटं. खोपटात राहणारा म्हणजे गरीब, एवढाच अर्थ असू शकतो. जमातीपर्यंत कशाला ओढता? २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबईचं कर्णधारपद मिळाल्यावर हार्दिक पंड्यालाही लोक हेच म्हणत होते. त्यांच्या डोक्यात कुठली जमात होती?

विमुक्त लेक: शब्द कुठून आला हे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण गरिबाच्या खोपट्यावरून शिवी असली तर ती बरी, असं म्हणायचंय का? आणि डोक्यात नव्हतं म्हणता, तर ‘भामटा’ म्हणताना तुमच्या डोक्यात काय असतं? भामटा त्याच यादीत आहे. जिवंत माणसांच्या समाजाचं नाव. आपल्या सगळ्यांच्या आजोबांनी तो शब्द जन्मभर वापरला, वर्तमानपत्रं अजून मथळ्यात छापतात. ‘घिसाडघाई’ म्हणताना घिसाडी आठवतात कोणाला?

गोरेगावकर काका: आता भामटाही बंद! मग घिसाडघाई, मग काय? मराठी बोलायचीच नाही का? माझ्या बँकेत एका गिऱ्हाइकाला मी ‘शहाणा’ म्हणालो तर त्याने तक्रार केली. तीन आठवडे खुलासे देत बसलो. हल्ली सगळ्यांचीच कातडी पातळ झाली आहे.

विमुक्त लेक: काका, बंद करा असं मी कुठे लिहिलंय? पातळ कातडीचं म्हणाल तर ऑफिसात कोणाचं पाकीट हरवलं की सगळे आधी माझ्या वडिलांकडे बघायचे. त्यांनी तक्रार कधीच केली नाही. तीस वर्षं.

गोरेगावकर काका: तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं, ते मनापासून. पण शब्द झिजतो हे तुम्हालाही मानावं लागेल. ‘च्यायला’ म्हणताना कोणाला कोणाची आई आठवते? माझी आजी देवपूजा करताना म्हणायची. मालवणात आई पोराला ‘मेल्या’ म्हणते, ती काय त्याचं मरण चिंतते?

माजी वर्गशिक्षक: काकांचा हा मुद्दा खरा आहे. ठाणेकर ताईंच्या कवट्यांना तोच लागू पडतो. ‘मेल्या’ आपल्याला चालतं, ‘मेलो’ म्हटलं की झोप उडते. पण काका, ‘च्यायला’ झिजला कारण तो कोणा एकावर रोखलेला नाही. ‘सत्त्याण्णव’ महिन्याभरातही झिजला नाही. तो एकाच बाकाकडे जायचा.

रंकाळ्याकाठचा: हे पटलं. आमच्यात पण एक जण होता, त्याला आम्ही कधी मिठी मारली नाही. पुढचं लिहीत नाही.

बार्शीचा बाळू: जमातीचं मला अजून पटलेलं नाही. बाकीचं ठीक.

ठाणेकर आई: सगळं वाचलं. फोन परत दिला, रात्री दहानंतर नाही ही अट मागे घेणार नाही. ‘टायर’ कोण म्हणून विचारलं. आधी बोलला नाही. मग म्हणाला, वर्गातला एक जण, त्याच्या बाबांचं नाक्यावर पंक्चरचं दुकान आहे. मी त्या दुकानात गेल्याच आठवड्यात स्कूटरची हवा भरली, तो मुलगाच पाइप धरून उभा होता. तू पण म्हणतोस का, विचारलं. म्हणाला, ‘आई, तो शब्द आता कोणी वापरत नाही.’ मग आता काय म्हणता, विचारलं, तर उठून खोलीत गेला.